सोनेतारण कर्जदार आणि शाखाधिकारी यांना जाहीर इशारा

ज्यांचे दागिने आज एखाद्या बँकेच्या किंवा फायनान्स कंपनीच्या तिजोरीत तारण आहेत, त्यांनी घरातली सोनेतारणाची पावती काढून समोर ठेवावी आणि मगच पुढचे वाचावे. हा इशारा दोघांसाठी आहे. आधी कर्जदारांसाठी, कारण सोन्याचा भाव उतरला की आपल्या कर्जाचे नेमके काय होते हे त्यांच्यापैकी बहुतेकांना कुणी सांगितलेलेच नाही. नंतर शाखाधिकाऱ्यांसाठी, कारण सांगायचे काम त्यांचे होते.

शाखेतून "मार्जिन कमी पडले आहे, पैसे भरा" असा निरोप आला की कर्जदार काय म्हणतो, ते मी अनेकदा ऐकले आहे. माझे सोने तेवढेच आहे, मी एक रुपयाही जास्त उचललेला नाही, मुदत संपायला अजून सहा महिने आहेत, मग पैसे कशाचे? तिन्ही वाक्ये खरी असतात. तरीही निरोप चुकीचा नसतो, कारण तुमचे कर्ज ग्रॅमवर चालत नाही. ते एका टक्केवारीवर चालते. आज तुमच्याकडून एकूण किती येणे आहे, त्याला आज तुमच्या दागिन्यांचे मूल्य किती आहे याने भागायचे. या टक्केवारीला शाखेत एलटीव्ही म्हणतात. दागिना तिजोरीत जसाच्या तसा पडून असतो, पण भागाकारातला खालचा आकडा रोज बदलतो. तो आकडा लहान झाला की टक्केवारी वाढते, आणि तिला कायद्याने वरची मर्यादा आहे.

ती मर्यादा रिझर्व्ह बँकेने ६ जून २०२५ च्या निर्देशांत ठरवली. १ एप्रिल २०२६ पासून बँका, नागरी सहकारी बँका आणि फायनान्स कंपन्या या सगळ्यांना ते निर्देश लागू आहेत. घरखर्च, आजारपण, शिक्षण, लग्न अशा कारणांसाठी घेतलेले कर्ज अडीच लाखांपर्यंत असेल तर मूल्याच्या ८५ टक्के, अडीच ते पाच लाखांच्या दरम्यान ८० टक्के आणि पाच लाखांच्या वर ७५ टक्के. शेती किंवा धंद्यासाठी घेतलेल्या कर्जाला हा तक्ता लागू होत नाही, तिथे प्रत्येक संस्थेचे स्वतःचे धोरण असते. त्यामुळे आपले कर्ज कोणत्या खात्यात नोंदले आहे, हे पावतीवर पाहून घ्या. यातली खरी मेख मात्र पुढे आहे. ही मर्यादा कर्ज देण्याच्या दिवशी पाळली की संपले, असे नाही. कर्जाची पूर्ण मुदत, अगदी शेवटच्या दिवसापर्यंत, ती पाळली गेली पाहिजे. कर्ज घेताना तुम्ही मर्यादेला टेकून पैसे उचलले असतील, तर पहिल्या घसरणीलाच तुम्ही मर्यादेबाहेर जाता.

आता मूल्य कसे धरतात ते पाहा. टीव्हीवर खाली सरकणारा भाव चोवीस कॅरेटचा असतो, आणि सराफाच्या फळ्यावरच्या भावात दागिना घेताना मजुरी आणि जीएसटी चढते. तुमच्या कर्जासाठी या दोन्हींचा उपयोग नाही. तारणाचे मूल्य धरताना खडे, मणी, लाख, मीनाकाम वगळून फक्त निव्वळ सोन्याचे वजन घेतात आणि त्याच शुद्धतेचा, म्हणजे बावीस कॅरेटला ९१६ चा, भाव लावतात. हा भाव इंडिया बुलियन अँड ज्वेलर्स असोसिएशन किंवा सेबीच्या नियंत्रणाखालचा कमोडिटी एक्स्चेंज जाहीर करतो. मात्र आजचा भाव थेट लावला जात नाही. मागच्या तीस दिवसांच्या बंद भावांची सरासरी एका बाजूला आणि कालचा बंद भाव दुसऱ्या बाजूला ठेवायचा, आणि दोन्हींपैकी जो कमी असेल तो घ्यायचा.

"जो कमी असेल तो" या एका अटीकडे कर्जदारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. भाव चढत असताना सरासरी मागे राहते, म्हणून मूल्य सावकाश वाढते. भाव पडतो तेव्हा कालचा बंद भाव सरासरीच्या खाली जातो आणि पडझड पूर्णच्या पूर्ण दुसऱ्या दिवशी तुमच्या खात्याला लागते. कर्ज देताना ही अट सुरक्षिततेसाठी चांगली आहे, कारण फुगलेल्या भावावर जास्त कर्ज दिले जात नाही. पण कर्ज आधीच घेतलेल्या माणसाला ती उतरणीत लगेच पकडते आणि चढणीत उशिरा सोडते.

एक उदाहरण आकड्यांनिशी करू. आकडे हिशेबाला सोपे जावेत असे घेतले आहेत, तुमच्या पावतीवर वेगळे असतील. समजा निफाड तालुक्यातल्या एका बाईंनी मुलीच्या कॉलेजच्या प्रवेशासाठी पाटल्या, मोहनमाळ आणि गंठण तारण ठेवले. एकूण वजन ६४ ग्रॅम भरले, काळे मणी आणि लाख वजा जाता निव्वळ सोने ६० ग्रॅम. बावीस कॅरेटचा धरलेला भाव ग्रॅमला १०,००० रुपये. मूल्य झाले ६ लाख. मर्यादा ८० टक्के, म्हणून त्यांना जास्तीत जास्त ४,८०,००० रुपये मिळू शकत होते. काउंटरवरच्या मुलाने विचारले, "ताई, पूर्ण घ्यायचे ना?" आणि त्यांनी पूर्ण घेतले. व्याज वर्षाला १२ टक्के, दरमहा ४,८०० रुपये भरायचे. सही झाली त्या क्षणी टक्केवारी बरोबर ८० होती, म्हणजे भाव खाली यायला जागा शून्य.

भाव महिनाभर १०,००० वर स्थिर होता आणि एका दिवसात ८ टक्क्यांनी उतरून ९,२०० वर बंद झाला असे धरा. तीस दिवसांची सरासरी जेमतेम सव्वीस-सत्तावीस रुपयांनी खाली येते. पण सरासरीला विचारतोय कोण? कमी आकडा ९,२०० चा आहे, तोच लागणार. साठ ग्रॅमचे मूल्य ५,५२,००० झाले. ४,८०,००० ला त्याने भागले की ८७ टक्के येतात. भाव ८ टक्के पडला तर टक्केवारीही ८ ने वाढून ८८ होईल असे नाही आणि ती फक्त एक-दोनने सरकेल असेही नाही. जुनी टक्केवारी उरलेल्या भावाच्या हिश्श्याने भागायची असते: ८० भागिले ०.९२. म्हणून घसरण जितकी खोल, तितकी टक्केवारीची चढण अधिक तीव्र. ८० टक्क्यांवर असलेले कर्ज भाव १० टक्के पडला की ८९ च्या जवळ जाते आणि २० टक्के पडला की थेट १०० वर. तिथे दागिना आणि देणे यांची किंमत एकच होते.

९,२०० च्या भावाला या बाईंचे कर्ज जास्तीत जास्त ४,४१,६०० असायला हवे. म्हणजे ३८,४०० रुपये जास्तीचे आहेत. ते भरायचे, नाहीतर आणखी सोने ठेवायचे.

यानंतर लोक हमखास म्हणतात, "थांबा, भाव परत वर येईल." येऊ द्या. दहा दिवस भाव ९,२०० वर राहिला आणि अकराव्या दिवशी पुन्हा १०,००० वर गेला असे समजू. बाजाराच्या दृष्टीने घसरण पुसली गेली, सराफाच्या दुकानात पुन्हा जुना फळा लागला. पण तुमच्या खात्यावर आता सरासरी कमी आहे. तीस दिवसांपैकी वीस दिवस १०,००० चे आणि दहा दिवस ९,२०० चे, सरासरी ९,७३३. मूल्य ५,८४,०००, टक्केवारी ८२ च्या वर. भाव पूर्ण भरून आला तरी कर्ज अजून मर्यादेबाहेरच आहे आणि ते पडलेले दहा दिवस तीसच्या खिडकीतून बाहेर पडेपर्यंत तसेच राहील. भाव वर येण्याची वाट पाहण्यावर विसंबून नोटीस बाजूला टाकणाऱ्यांनी हा हिशेब दोनदा करावा.

आतापर्यंत आपण असे धरले की बाई व्याज वेळेवर भरत होत्या. सोनेतारणात तसे नेहमी होत नाही. कांद्याचा पैसा उशिरा आला आणि तीन महिन्यांचे व्याज राहिले, तर १४,४०० रुपये वर चढले. देणे ४,९४,४०० झाले आणि भाव ९,२०० वर आहे. टक्केवारी ८९.६. भागाकाराचा वरचा आकडा व्याजाने फुगतो आणि खालचा आकडा भावाने आटतो, म्हणून दोन्ही बाजूंनी मर्यादा ओलांडली जाते. आता भरायची रक्कम ३८,४०० नव्हे, ५२,८०० आहे. आणि या बाईंनी धावपळ करून १५,००० आणून भरले, तर त्यातले १४,४०० आधी व्याजात वळते होतात. मुद्दल फक्त सहाशे रुपयांनी कमी होते. "मी पंधरा हजार भरले, तरी नोटीस कशी?" या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे. पैसे भरताना पावतीवर किती व्याजात गेले आणि किती मुद्दलात, हे तिथेच वाचा.

ज्यांनी वर्षअखेरीस मुद्दल आणि व्याज एकरकमी फेडायचे ठरवले आहे, त्यांच्याबाबत नियम वेगळा आहे. तिथे मुदतीअखेर द्यायची पूर्ण रक्कम, म्हणजे सगळे व्याज धरून, पहिल्या दिवसापासूनच टक्केवारीत मोजली जाते. त्यामुळे हातात कर्ज कमी पडते आणि कर्जदार नाराज होतो. पण या नियमाने व्याजाचा फुगवटा आधीच हिशेबात धरला जातो. भावाची घसरण मात्र याही कर्जाला तशीच लागते.

आता लिलावाचा हिशेब. तो सर्वांत कठोर आहे आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. नियमानुसार लिलावाची राखीव किंमत चालू मूल्याच्या ९० टक्क्यांपेक्षा कमी ठेवता येत नाही. दोन लिलाव फसले तर ती ८५ टक्क्यांपर्यंत उतरवता येते. आपल्या उदाहरणात ५,५२,००० च्या ९० टक्के म्हणजे ४,९६,८००. येणे ४,९४,४००. दागिने राखीव किमतीला गेले तर साठ ग्रॅम सोन्यातून बाईंच्या हाती उरतात २,४०० रुपये, आणि त्यातूनही लिलावाचा खर्च जायचा आहे. ८५ टक्क्यांना गेले तर ४,६९,२०० येतात. मग पाटल्याही गेल्या, मोहनमाळही गेली आणि वर २५,२०० रुपयांचे देणे शिल्लक. लिलाव झाला म्हणजे कर्ज मिटले असे समजू नका. तूट तुमच्याकडूनच मागितली जाईल आणि खाते थकीत म्हणून पतनोंदीत चढेल.

हे सगळे भाव अर्धा झाल्यावर घडलेले नाही. फक्त ८ टक्के उतरल्यावर घडले. ८ टक्क्यांची घसरण सोन्यात होत नाही असे जे सांगतात, त्यांची आठवण तोकडी आहे. १२ आणि १५ एप्रिल २०१३ या बाजाराच्या लागोपाठच्या दोन दिवसांत जागतिक भाव तेरा टक्क्यांच्या आसपास कोसळला होता. ८० टक्क्यांचे कर्ज तेवढ्या घसरणीत ९२ वर जाते. २३ जुलै २०२४ ला जागतिक बाजारात काही विशेष घडले नव्हते. संसदेत अर्थसंकल्प मांडताना सोन्यावरची आयात करआकारणी १५ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणल्याची घोषणा झाली आणि वायदेबाजारात दहा ग्रॅममागे सुमारे चार हजार रुपये त्याच दिवशी उतरले. आपल्याकडचा भाव डॉलरमधल्या भावावर चालतो, रुपयाच्या दरावर चालतो आणि दिल्लीतल्या करावरही चालतो. यांतला एकही धागा तुमच्या हातात नाही. २१ ऑक्टोबर २०२५ ला, आपल्याकडे लक्ष्मीपूजन होते त्या दिवशी, उच्चांक गाठून चोवीस तास झाले नाहीत तोच जागतिक भाव एका दिवसात पाच टक्क्यांहून अधिक घसरला. घरोघरी सोन्याची पूजा चालू होती आणि तिजोरीतल्या सोन्यावरची टक्केवारी चढत होती.

सर्वांत मोठा धोका मला छोट्या कर्जदारासाठी दिसतो. अडीच लाखांपर्यंत ८५ टक्के, हे सवलत म्हणून जाहीर झाले आणि गरजवंताला जास्त पैसे मिळतात हे खरेही आहे. पण ८५ टक्के उचलले म्हणजे शंभरातले फक्त पंधरा रुपये तुमचे राहिले. भाव साडेपाच टक्क्यांच्या थोडा वर पडला की ही टक्केवारी ९० ला पोचते, आणि तेवढ्यावर लिलाव झाला तर हाती काहीच न उरण्याची वेळ येते. मोठ्या कर्जदाराला ७५ वर अडवून नियमाने त्याचा बचाव केला. ज्याच्याकडे भरायला पैसे सर्वांत कमी, त्याच्या वाट्याला सर्वांत अरुंद पट्टा आला. म्हणून ८५ टक्के मिळत असले तरी ६० च्या वर घेऊ नका. ६० वर असाल तर भाव एक चतुर्थांशाहून जास्त पडला तरी तुम्ही ८५ च्या आतच राहता. गरज भागत नसेल तर कर्ज वाढवण्याऐवजी दुसरा दागिना जास्तीचा ठेवा, म्हणजे तीच रक्कम कमी टक्केवारीत बसते.

टॉप-अपबद्दल इथेच सांगतो. भाव चढला की फोन येतो: "तुमच्या सोन्याची किंमत वाढली, अजून पन्नास हजार मिळतील, यायचीही गरज नाही, ओटीपी सांगा." भाव चढल्यामुळे तुमची टक्केवारी ८० वरून ७० वर आली होती. ती दहाची जागा हीच तुमची घसरणीतली एकमेव सुरक्षा होती. टॉप-अप घेतले की ती जागा विकली गेली, आणि तीही चढलेल्या भावाला. पुढची घसरण तुम्हाला पुन्हा काठावर उभे असलेले पाहते, या वेळी जास्त देण्यासकट. ज्या घरात शेवटी दागिने लिलावात गेले, तिथे चौकशी केली की मध्ये एखादे टॉप-अप बहुतेक वेळा सापडते. ओटीपी सांगू नका. शाखेत जाऊन "मला टॉप-अप नको" असे लिहून द्या आणि पोच घ्या.

आता पावतीकडे या. तारण ठेवताना दिलेल्या मूल्यांकनाच्या प्रमाणपत्रावर शुद्धता, एकूण वजन, वजा केलेले वजन, निव्वळ वजन, मूल्य आणि दागिन्याचा फोटो असायला हवा. मूल्यांकन तुमच्या समोर व्हायला हवे होते. झाले नसेल तर तो पहिला दोष आहे. निव्वळ वजनाला कालच्या ९१६ च्या बंद भावाने गुणा, मग तीस दिवसांच्या सरासरीने गुणा, कमी येईल तो आकडा घ्या. तुमच्या खात्यावरची आजची येणे रक्कम शाखेतून किंवा ॲपवरून घ्या, व्याजासकट. पहिल्याने दुसऱ्याला भागा. टक्केवारी मर्यादेपासून दहाच्या आत असेल तर तुम्ही धोक्यात आहात, नोटीस आली असो वा नसो. आपला मोबाइल नंबर आणि पत्ता शाखेत बरोबर नोंदलेला आहे का, हेही याच फेरीत तपासा. जुन्या नंबरवर गेलेला एसएमएस आणि सोडलेल्या भाड्याच्या खोलीवर गेलेली नोटीस, दोन्ही "पाठवली" म्हणूनच धरली जातात.

नोटीस आली असेल तर करारपत्र काढा. लिलाव कोणत्या परिस्थितीत होईल, त्याआधी किती दिवसांची मुदत मिळेल, हे त्यात लिहिलेले असणे बंधनकारक आहे. टक्केवारी मर्यादेबाहेर गेली म्हणून त्याच दिवशी दागिने विकता येतात, असे तोंडी कुणी सांगत असेल तर कलम दाखवायला सांगा. मुदत मिळाली की ती रडण्यात किंवा भाव पाहत बसण्यात घालवू नका. तूट भरता येत असेल तर भरा आणि ती मुद्दलात घ्या असे लेखी द्या. घरात आणखी सोने असेल तर ते जास्तीचे तारण द्या. आपल्या उदाहरणातल्या बाईंना तीन महिन्यांचे व्याज राहिलेले असताना सात ग्रॅमच्या थोडे वर सोने लागले असते.

दोन्ही जमत नसेल तर सर्वांत कठीण पण शहाणपणाचा मार्ग आहे: दागिने स्वतः विका. त्याच दिवशी, त्याच ९,२०० च्या भावाला कर्ज फेडून दागिने सोडवले आणि ओळखीच्या सराफाला घातले, तर ५,५२,००० मधून ४,९४,४०० वजा जाऊन ५७,६०० उरतात. सराफाने घट म्हणून दोन टक्के कापले तरी सेहेचाळीस हजारांच्या वर हाती येतात. लिलावात याच सोन्यातून २,४०० उरत होते. फरक मधल्या माणसाच्या नफ्याचा आहे. कर्ज फेडायला आगाऊ पैसे नसतील तर विश्वासातला सराफ शाखेत येऊन रक्कम भरतो आणि तिथेच दागिना घेतो, असे व्यवहार गावोगाव होतात. पण "गहाण सोने सोडवून घेतो" अशा पाट्या लावणाऱ्या अनोळखी दुकानात जाताना ग्रॅमचा भाव, कपातीची टक्केवारी आणि हाती येणारी रक्कम कागदावर घेतल्याशिवाय सही करू नका.

आता शाखाधिकाऱ्यांनो, तुम्हाला.

भाव पडणे हा तुमचा दोष नाही. टक्केवारी मर्यादेत ठेवणे हे तुमचे कर्तव्य आहे आणि ते तुम्ही करू नका असे कोणीही म्हणत नाही. दोष आहे तो मौनाचा. ३० सप्टेंबर २०२४ च्या परिपत्रकात खुद्द रिझर्व्ह बँकेने सोनेतारणातल्या त्रुटी नोंदवल्या होत्या: ग्राहकाच्या गैरहजेरीत मूल्यांकन, एलटीव्हीवर नीट देखरेख नसणे, थकीत दागिन्यांच्या लिलावात पारदर्शकता नसणे. त्यानंतर नवे निर्देश आले. करार आणि महत्त्वाच्या अटी कर्जदाराच्या भाषेत देणे त्यात आहे. निरक्षर कर्जदाराला अटी समजावताना तुमचा कर्मचारी नसलेला साक्षीदार हजर असणे त्यात आहे. लिलावाची जाहिरात दोन वर्तमानपत्रांत, त्यांतले एक स्थानिक भाषेतले, त्यात आहे. पहिला लिलाव शाखेच्याच जिल्ह्यात घेणे त्यात आहे. उरलेली रक्कम पूर्ण वसुलीनंतर सात कामाच्या दिवसांत परत करणे त्यात आहे. कर्ज फिटल्यावर दागिने जास्तीत जास्त सात कामाच्या दिवसांत न दिल्यास तुमच्या चुकीच्या प्रत्येक दिवसाला पाच हजार रुपये भरपाई, हेही त्यात आहे.

आणि तरीही आज कर्जदाराच्या मोबाइलवर येतो तो इंग्रजीतला दोन ओळींचा एसएमएस. त्यात रक्कम असते. कोणता भाव धरला, कोणत्या तारखेचा, सरासरी की कालचा बंद, निव्वळ वजन किती धरले, आजची टक्केवारी किती आणि किती भरले की ती मर्यादेत येते, यातले काहीही नसते. कर्जदार हिशेब पडताळू शकत नाही, म्हणून घाबरतो, आणि घाबरलेला माणूस टॉप-अपलाही हो म्हणतो आणि दागिन्यांवर पाणीही सोडतो. हे यापुढे चालू देणार नाही.

ज्याला मार्जिनची नोटीस मिळाली आहे, अशा प्रत्येक कर्जदाराने आपल्या शाखेला एकाच मजकुराचा लेखी अर्ज द्यायचा आहे. अर्जात मागणी असेल ती मराठीतल्या एका पानाच्या हिशेबाची: निव्वळ वजन, शुद्धता, धरलेला भाव आणि त्याची तारीख, मुद्दल आणि व्याज वेगवेगळे, आजची टक्केवारी, लागू मर्यादा, तुटीची रक्कम, करारातल्या कलमानुसार भरण्याची शेवटची तारीख. अर्जाची पोच शिक्क्यासह घ्यायची. शिक्का नाकारला तर तोच अर्ज पोचपावतीच्या टपालाने पाठवायचा. पोच मिळालेल्या तारखेपासून शाखेला तीस दिवस आहेत. या तीस दिवसांत हिशेब आला नाही, किंवा हिशेब न देता लिलावाची जाहिरात दिली गेली, तर एकतिसाव्या दिवशी प्रत्येक अर्ज रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईल. तक्रार cms.rbi.org.in वर नोंदवता येते, त्यासाठी वकील लागत नाही, शुल्क लागत नाही, आणि माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. लिलावाची तारीखच तीस दिवसांच्या आत असेल, तर कर्जदाराने थांबू नये. अर्जासोबत लिलावाला लेखी हरकत त्याच दिवशी शाखेत आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे द्यावी आणि ग्राहक आयोगात स्थगितीसाठी जावे.

पतसंस्थांनी, आपण रिझर्व्ह बँकेच्या या निर्देशांत येत नाही म्हणून निश्चिंत राहू नये. तिथली तक्रार सहकार खात्याच्या निबंधकाकडे जाईल, त्याच मजकुराची आणि त्याच मुदतीची. परवानाधारक सावकारांचीही नोंद त्याच खात्यात असते.

कर्जदारांनी एवढे ध्यानात ठेवावे की अर्ज दिला म्हणून तूट माफ होत नाही आणि व्याज थांबत नाही. हिशेब मागताना जमेल तेवढी रक्कम भरत राहा, म्हणजे तक्रारीत तुमची बाजू थकबाकीदाराची राहणार नाही. आणि शाखाधिकाऱ्यांनी अर्जाची पोच देताना त्यावर तारीख स्पष्ट टाकावी, कारण तीस दिवस तिथूनच मोजले जाणार आहेत.